ह्यूमचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडताना: ट्यूटोरियलसाठी टिपण

एम. ए. भाग १, ज्ञानमीमांसा गट. काम तेच आहे: ह्यूमच्या 'एन्क्वायरी'मधल्या (१७४८) चौथ्या प्रकरणाच्या दुसऱ्या भागातला युक्तिवाद तीनशे शब्दांत, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. पहिले खर्डे परत दिले आहेत. दुसरा खर्डा लिहायला बसण्याआधी हे टिपण वाचा आणि मूळ उतारा शेजारी ठेवा.

पहिल्या खर्ड्यांत दोन टोके दिसली. काहींनी ह्यूमची वाक्ये एकामागून एक मराठीत आणली आहेत. काहींनी पुस्तक मिटून ओघात लिहिले, पण कागदावर उतरलेला युक्तिवाद ह्यूमचा राहिला नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: युक्तिवादाचा सांगाडा हातात नसताना वाक्ये लिहायला घेतली. सांगाडा नसला की एक तर मूळ वाक्यांना धरून चालावे लागते, नाही तर आठवेल ते लिहावे लागते.

म्हणून आधी सांगाडा. उतारा दोनदा सलग वाचा. तिसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच गोष्ट लिहा: हा परिच्छेद काय करतो? दावा मांडतो, कारण देतो, संभाव्य उत्तर खोडतो, की उदाहरण देतो? मग पुस्तक मिटून सहा-सात छोटी विधाने लिहा आणि ती 'कारण', 'म्हणून', 'परंतु' यांनी जोडा. या उताऱ्याचा सांगाडा साधारण असा निघतो.

एखाद्या वस्तूसोबत आजवर अमुक परिणाम आला, हे एक विधान. तशाच दिसणाऱ्या वस्तूसोबत पुढेही तोच परिणाम येईल, हे दुसरे. पहिल्यावरून आपण दुसरे काढतो. परंतु दोन्ही विधाने एक नाहीत, आणि पहिल्यातून दुसरे निघते हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून मध्ये काही दुवा लागतो. तो दुवा निगामी सिद्धतेने मिळत नाही, कारण निसर्गाचा क्रम बदलला अशी कल्पना करताना कोणताही व्याघात होत नाही. तो अनुभवावर आधारलेल्या तर्कानेही मिळत नाही, कारण असा प्रत्येक तर्क भविष्य भूतकाळासारखे असेल हेच धरून चालतो, आणि सिद्ध करायचे आहे नेमके तेच. म्हणून अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षांचा पाया कोणत्याही तर्कक्रियेत नाही.

याला जोडून प्रकरणाच्या शेवटी आणखी एक मुद्दा येतो आणि तो बहुतेक खर्ड्यांत गळला आहे. मेणबत्तीच्या ज्योतीने बोट पोळलेले मूल पुन्हा ज्योतीला हात लावत नाही. मुलालाही जमणारी ही गोष्ट एखाद्या गहन युक्तिवादावर उभी असेल, असे म्हणणे अवघड आहे. हा वरच्या साखळीतला दुवा नव्हे, वेगळा आधार आहे. तीनशे शब्दांत त्याला एक वाक्य पुरते, पण ते वेगळे ठेवा. 'म्हणून' लावून साखळीत ओवू नका.

आता विपर्यास कुठे होतो ते पाहू. सर्वांत जास्त खर्ड्यांत आलेले वाक्य: 'उद्या सूर्य उगवेलच याची खात्री देता येत नाही, असे ह्यूम म्हणतो.' वाचायला बरोबर वाटते, पण यात अर्धा युक्तिवाद हरवतो. प्रश्न फक्त खात्रीचा असता तर 'खात्री नसेना, शक्यता तर भरपूर आहे' एवढे उत्तर पुरले असते. ह्यूमचा दुसरा फाटा याच उत्तरावर आहे: शक्यता भरपूर आहे हेही आपण आजवरच्या अनुभवावरूनच म्हणतो. शिवाय सूर्याचे उदाहरण पहिल्या भागात येते आणि तिथे त्याचे काम वेगळे आहे: वस्तुस्थितीविषयीच्या विधानाचा निषेध व्याघाती नसतो, हे दाखवणे. उदाहरण जागेवरून उचलले की त्याचे कामही बदलते.

दुसरा विपर्यास: 'ह्यूमच्या मते विगमन चुकीचे आहे.' तो असे म्हणत नाही. पहिल्या विधानावरून दुसरे काढणे योग्य आहे, हे तो मान्यही करतो. ते कोणत्या तर्काच्या आधारे काढले एवढेच विचारतो, आणि तो तर्क दाखवा असे आव्हान देतो. 'चुकीचे आहे' आणि 'तर्काने समर्थित नाही' यांतले अंतर हाच या उताऱ्याचा विषय आहे. आणखी एक लक्षात ठेवा: 'विगमनाची समस्या' हे नाव नंतरच्या चर्चेने रूढ केले. ते वापरायला हरकत नाही, पण 'ह्यूम विगमनाची समस्या मांडतो' असे लिहून विषय संपवू नका. तो अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षांविषयी काय विचारतो ते लिहा.

तिसरा: सवयीचा उलगडा आधीच आणणे. आपण सवयीमुळे असे निष्कर्ष काढतो, हे ह्यूमचे उत्तर पाचव्या प्रकरणातले आहे. चौथ्याच्या मांडणीत ते घुसवले की प्रश्नाची धार जाते. वाचकाला वाटते, उत्तर मिळाले, आता अडचण कसली?

आपल्याकडे हमखास होणारी चौथी चूक म्हणजे चार्वाकांशी जुळवणे. 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या पहिल्या प्रकरणात व्याप्तीच्या ज्ञानावर घेतलेला आक्षेप तुम्ही वाचला आहे, आणि साम्य खरेच लक्षणीय आहे. पण तिथे अनुमान प्रमाण आहे की नाही हा वाद आहे, आणि चार्वाक ते नाकारतो. ह्यूम अनुभवाचा अधिकार नाकारत नाही. तो नाकारणाऱ्याला तो वेडा म्हणतो. तुलना करायची तर स्वतंत्र परिच्छेदात, स्वतःच्या नावावर करा. मांडणीच्या आत नको. शब्दांचाही घोळ होतो: न्यायाच्या पंचावयवी वाक्यात 'निगमन' म्हणजे शेवटचा अवयव. इथे 'निगमन' म्हणजे विगमनाच्या उलट असलेली तर्कपद्धती. एकाच उत्तरात दोन्ही अर्थ आले तर कोणता कुठे ते सांगा.

मराठीत एक धोका अगदी लहान अक्षरात दडलेला असतो: 'च'. 'कार्यकारणाचे ज्ञान अनुभवातूनच होते' हे ह्यूमच्या पहिल्या भागाला धरून आहे. 'ज्ञान अनुभवातूनच होते' हे नाही, कारण गणितासारख्या, कल्पनांमधील संबंधांच्या ज्ञानाला तो वेगळे ठेवतो. एक शब्द गळला आणि 'च' भलत्या गोष्टीला चिकटला. खर्डा पुरा झाला की त्यातला प्रत्येक 'च', 'ही', 'सर्व', 'कधीच' आणि 'शकत नाही' पेन्सिलीने गोल करा आणि प्रत्येकाला मुळात आधार आहे का पाहा. दहा मिनिटांचे काम आहे, पण निम्मे विपर्यास इथेच सापडतात.

आता नक्कल. इंग्रजीतून मराठीत आणले की शब्द आपले झाले, हा गैरसमज आहे. पुढचे वाक्य पाहा:

'अशा वस्तूमागोमाग नेहमी असा परिणाम आल्याचे मला आढळले आहे, आणि दिसायला सारख्या असलेल्या इतर वस्तूंमागोमाग सारखेच परिणाम येतील असे मला आधीच दिसते.'

यातला एकही शब्द इंग्रजी नाही, तरी वाक्य ह्यूमचेच आहे: तोच क्रम, तेच दोन भाग, तोच 'मी'. हा अनुवाद आहे. तो अवतरणचिन्हांत, अनुवाद म्हणून द्यावा. परीक्षा सोपी आहे. आपले वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत उलटे न्या. मूळ वाक्य जसेच्या तसे परत आले तर ती नक्कल. समानार्थी शब्द बदलूनही हे सुटत नाही. 'परिणाम'च्या जागी 'फलित' आणि 'वस्तू'च्या जागी 'पदार्थ' घातला तर नक्कल तशीच राहते आणि वर अर्थही हलतो.

त्याच मजकुराची स्वतंत्र मांडणी अशी होऊ शकते: 'आजवर काय घडले याची नोंद आणि पुढे काय घडेल याचा अंदाज, ही दोन वेगळी विधाने आहेत, असे ह्यूम दाखवतो. नोंद कितीही मोठी असली तरी तिच्यात अंदाज आधीच सामावलेला नसतो. मग एकीवरून दुसऱ्याकडे आपण कशाच्या बळावर जातो, हा त्याचा प्रश्न आहे.' इथे क्रम आपला आहे, वाक्ये आपली आहेत, पण 'ह्यूम दाखवतो' आणि 'त्याचा प्रश्न' यांमुळे विचार कोणाचा ते स्पष्ट राहते. हे शब्द काढून टाकले की त्याचे म्हणणे तुमचे किंवा सर्वमान्य वाटू लागते. 'असे म्हटले जाते' तर नकोच. कोण म्हणते ते त्यात कळत नाही.

सगळेच शब्द बदलायचे नाहीत. 'वस्तुस्थिती', 'कल्पनांमधील संबंध', 'व्याघात' ही पारिभाषिक नाणी आहेत. ती पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात उलगडा, पुढे तशीच वापरा. 'व्याघात'ऐवजी कधी 'विसंगती', कधी 'अशक्यता' लिहिले तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी समजेल. भाषा रंगतदार करायची जागा ही नव्हे.

उदाहरण मात्र बदलून पाहा. ते बदलून टिकले, तर युक्तिवाद समजला आहे. ह्यूम पावाचे उदाहरण घेतो: आजवर पावाने पोषण झाले, म्हणून तशाच रंगरूपाच्या पुढच्या पावानेही होईल असे आपण धरतो. त्या जागी तुरटी घ्या. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. पुढच्या खड्यानेही बसेल असे आपण मानतो. दिसणारे गुण आणि त्यामागची न दिसणारी शक्ती, दोन्ही इथे आहेत, म्हणून उदाहरण चालते. पण 'तो खडा तुरटीचा नसून खडीसाखरेचा असू शकतो' असे पुढे लिहिलेत तर युक्तिवाद मोडला. ती ओळखण्यातली चूक झाली. ह्यूमचा प्रश्न खडा खरोखर तुरटीचा असला तरी उरतो. 'तुरटीची रासायनिक रचना आपल्याला माहीत आहे' हे उत्तरही पुरत नाही, कारण ती रचना पुढेही तसेच काम करेल हे पुन्हा अनुभवावरूनच धरलेले असते. आक्षेपाचे हे उत्तर एका वाक्यात आले तर मांडणी भक्कम होते. नाणेफेकीचे उदाहरण घेऊ नका. त्यात संभाव्यतेचे गणित येते आणि वाचक तिकडे वळतो.

शब्दमर्यादेचे वाटप असे करा: प्रश्नाला सत्तर शब्द, निगामी फाट्याला साठ, अनुभवाच्या फाट्याला शंभर, निष्कर्ष आणि मुलाचा मुद्दा मिळून सत्तर. अनुभवाच्या फाट्याला जास्त जागा मुद्दाम ठेवली आहे. तिथे घाई केली की 'गोल फिरतो' एवढेच लिहिले जाते आणि काय गृहीत धरले, काय सिद्ध करायचे होते, हे राहून जाते. स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी संदर्भ द्यावाच लागतो: प्रकरण आणि भाग, शक्य तर परिच्छेद क्रमांक.

दुसरा खर्डा शुक्रवारी द्या. सोबत सांगाड्याचा कागद आणि गोल केलेल्या 'च'ची प्रत जोडा. तपासताना आधी तीच पाहिली जाईल.