काउंटरवरचे फोन कमी करण्याबाबत

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

सोमवारी तुमची ओपीडी ऐन भरात होती, म्हणून तुम्हाला आत येऊन त्रास दिला नाही. काउंटरवरच्या ताईंना विचारून बाहेरच्या बाकावर बसलो. अकरा ते बारा या तासाभरात 19 फोन आले. त्यातले 14 नुसते, "डॉक्टर उनात का? नंबर कधी लागेल?" एवढंच विचारायला. फोनला दीड मिनिट धरलं तरी 21 मिनिटं त्यातच गेली. अडावदच्या एक आजी फीचे पैसे मुठीत धरून उभ्या होत्या आणि ताई मानेत फोन अडकवून त्यांचा जुना केसपेपर शोधत होत्या. सापडेना, शेवटी नवा काढला. म्हणजे आजींची मागची शुगर तुमच्यासमोर आलीच नसणार.

आमचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर हेच फोन कमी करतं. लासूर-धानोऱ्याकडची म्हातारी माणसं अ‍ॅप घेणार नाहीत, हे मलाही कळतं. त्यांनी क्लिनिकच्या नंबरवर फक्त मिस्ड कॉल द्यायचा. मराठीत मेसेज येतो: नंबर अमुक, अंदाजे वेळ अमुक. पुढे पाच पेशंट उरले की दुसरा मेसेज. साधा बटणाचा फोनही चालतो. पेशंट घरून त्या हिशोबाने निघतो, सकाळपासून बाकावर ताटकळत नाही.

नंबर न लावता थेट येणारे येतच राहतील. त्यांचं नाव ताई काउंटरवरून त्याच रांगेत टाकतील. तातडीचा पेशंट कुणाच्या आधी घ्यायचा, हे तुम्ही आणि ताईच ठरवणार, सॉफ्टवेअर त्यात पडत नाही. आणखी एक, पहिला आठवडा जड जातो. रजिस्टर आणि स्क्रीन दोन्ही सांभाळावं लागतं. तेवढे दिवस आमच्याकडे काम करणारा मुलगा सकाळच्या ओपीडीत ताईंच्या शेजारी बसेल.

हे ताईंना कमी करण्यासाठी नाही, उलट त्यांच्याशिवाय ते चालणारच नाही. वाचलेल्या वेळात केसपेपर आधीच काढून ठेवता येतील, वजन-बीपी आत येण्याआधी लिहून होईल. बीपी-शुगरचे जे पेशंट महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, त्यांनाही ताई फोन करू शकतील.

महिना 900 रुपये, मेसेजचा खर्च त्यातच. तुमचाच कॉम्प्युटर चालेल. मेसेज पाठवायला ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याची टेलिकॉम कंपनीकडची नोंदणी लागते, कागद तुमचे, धावपळ आमची. पहिले 15 दिवस पैसे नकोत. सोडलंत तर पेशंटची सगळी यादी एक्सेलमध्ये तुमच्या हवाली करू आणि आमच्याकडची पुसून टाकू.

गुरुवारी दुपारी ओपीडी उरकल्यावर वीस मिनिटं द्याल का? ताईंनाही थांबायला सांगा. स्क्रीन आधी त्यांनाच हाताळू द्या, त्यांना किचकट वाटलं तर मी आग्रह धरणार नाही.