उपचारांच्या दिशेबद्दल रुग्ण व कुटुंबाशी झालेली चर्चा

दि. ११ जून, सकाळी ११.१५, गृहभेट, निपाणीजवळचे गाव.
रुग्ण: पुरुष, ६८, तोंडाचा कर्करोग, फुफ्फुसांत पसरलेला. पूर्ण शुद्धीत, निर्णय स्वतः घेऊ शकतात.
हजर: रुग्ण, पत्नी, थोरला मुलगा, नर्स, मी.

मुलाने दारातच "बाबांना काही सांगू नका" म्हटले. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, ते विचारले. उत्तर: "मला कळतंय डॉक्टर, आता हे बरं होणारं नाही. दुखणं तेवढं थांबवा. मला घरातच राहायचंय, बेळगावला नेऊ नका." मुलगा रडला, नंतर वडिलांचा हात धरून बसला.

ठरले: केमो नाही. छातीदाब, श्वासनळीत नळी, व्हेंटिलेटर नाही. नाकातून नळी नको. तोंडाने जमेल तेवढी पेज. ताप आल्यास घरीच गोळ्या. रक्तस्राव किंवा न आवरणारी धाप असल्यास आधी आम्हाला फोन. १०८ बोलावल्यास ही नोंद दाखवावी.

मॉर्फिन १० मिग्रॅ दर ४ तासांनी, मध्येच दुखल्यास तेवढाच जादा डोस. सोबत पोट साफ होण्याचे औषध, न चुकता.

रुग्ण बोलू शकला नाही तर निर्णय पत्नीला विचारून. मुलाला नव्हे, हे रुग्णाने दोनदा सांगितले. लेखी निर्देश अजून नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो, हे समजावले.

अनिर्णित: पुण्याच्या मुलीला कोण कळवणार. तिचा विरोध होईलसे वाटते.

रात्रपाळीची नर्स कन्नडभाषक आहे. तिला सारे तोंडी कन्नडमधून सांगितले. पुढची चर्चा १८ जून, किंवा प्रकृती बदलताच.