आजारपण कळवण्याचा नियम : मुलींच्या वसतिगृहाची मेस, सदाशिव पेठ, पुणे

1 जुलै 2025 पासून लागू. आचारी, मदतनीस, पोळ्या करणाऱ्या मावश्या, भाजी चिरणारे, वाढपी, भांडी घासणारे, कोठी सांभाळणारे आणि मी स्वतः, अशा आपल्या सगळ्या एकोणीस जणांना हा नियम लागू आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हा मोठ्याने वाचून दाखवायचा. एक प्रत हात धुण्याच्या नळाशेजारी लावली आहे.

सगळ्यात आधी पैशांचं

या नियमाप्रमाणे घरी राहिलेल्या माणसाची हजेरी कापली जाणार नाही. रोजंदारीवर असलात तरी त्या दिवसांचे पूर्ण पैसे मिळतील. वर्षाच्या आठ किरकोळ रजांतूनही हे दिवस वजा होणार नाहीत. ज्यांचं ईएसआय कार्ड आहे त्यांना आजारपणात पगाराच्या 70 टक्के भत्ता तिकडून मिळतो, पण सुरुवातीचे दोन दिवस सहसा मिळत नाहीत. ते दोन दिवस आणि वरचे 30 टक्के मेस देईल. नियमात सांगितलेल्या तपासण्यांचा खर्चही मेसचा.

हे पहिलं लिहिण्याला कारण आहे. गेल्या श्रावणात आपल्याकडे तेवीस मुलींना एका रात्रीत उलट्या-जुलाब झाले. त्या सकाळी काकडीची कोशिंबीर करणाऱ्याला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. कोशिंबिरीमुळेच झालं असं सिद्ध झालं नाही. पण आजारी असून तो कामावर का आला, ते मला माहीत आहे: तेव्हा खाडा झाला की दिवसाचे पैसे जात. ती पद्धत मी ठेवली होती, चूक माझी होती. ती आता बंद.

कोणी यायचं नाही

उलटी किंवा जुलाब : एकदा झाला तरी. "काल बाहेर वडापाव खाल्ला, त्यानेच असेल" असं आपलं आपण ठरवायचं नाही.

कावीळ : डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तरी लगेच कळवा. अ प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे होण्याआधीचे दोन आठवडेच माणूस ती सर्वांत जास्त पसरवतो, म्हणून एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

ताप : नुसता असो वा घसा दुखून आलेला. दोन-तीन दिवस उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवून टायफॉइडची तपासणी करून घ्यायची.

डोळे येणे, कान वाहणे.

हातावर, मनगटावर किंवा चेहऱ्यावर पू झालेली जखम, गळू, नखुर्डं : याकडे सगळेच दुर्लक्ष करतात, म्हणून जरा सविस्तर. पुवातले जंतू बासुंदी, श्रीखंड, पनीर अशा पदार्थांत वाढतात आणि तिथे विष तयार करतात. नंतर पदार्थ कितीही उकळला तरी जंतू मरतात, विष तसंच राहतं. त्यामुळे "शिजवणारच आहे" हे उत्तर इथे चालत नाही. साधं कापलं किंवा भाजलं असेल, पू नसेल, तर निळी पट्टी आणि वर हातमोजा घालून काम करता येईल. निळी अशासाठी, की भातात पडली तर दिसते.

सर्दी-खोकला आहे पण ताप नाही, अशा वेळी यायला हरकत नाही. मात्र ओट्याजवळ, वाढायला किंवा धुतलेल्या ताटांपाशी थांबायचं नाही. त्या दिवशी कोठीतली बंद पोती-डबे मोजणं, जेवणघराची फरशी, बाहेरचा हिशेब ही कामं.

मासिक पाळी हे आजारपण नाही. त्यावरून कुणीही कुणाला स्वयंपाकघराबाहेर थांबायला सांगायचं नाही. गरोदर मावशीला सकाळच्या उलट्या होत असतील तर डॉक्टरांची तशी चिठ्ठी आणली की काम चालू राहील.

घरात मुलाला जुलाब झाले असतील तर कळवून कामावर या, स्वतःकडे लक्ष ठेवा. घरात कुणाला कावीळ किंवा टायफॉइड निघाला तर महिनाभर कोशिंबीर, चटणी, ताक, फळं अशा न शिजवता वाढायच्या पदार्थांना हात लावायचा नाही.

कधी आणि कुणाला कळवायचं

सकाळची पाळी सहाला सुरू होते, तेव्हा पाचच्या आत मेसच्या फोनवर. रात्री त्रास झाला तर रात्रीच करा, फोन माझ्या उशाशी असतो. मी नसेन तर मुख्य आचारी घेतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं नाही. कुणाला काय झालंय हे चारचौघांत जायला नको. नोंदवही माझ्या कपाटात कुलपात राहील.

काम करताना त्रास सुरू झाला तर हातातलं तिथेच सोडून सांगा. तुम्ही हाताळलेलं उघडं अन्न टाकलं जाईल आणि त्याबद्दल कुणीही बोलणार नाही. ओट्यापाशी उलटी झाली तर आसपासचं उघडं अन्नही जाईल. जागा पुसून घेऊन एक लिटर पाण्यात 20 मिली ब्लीच (पाच टक्क्यांचं) घालून धुवायची, मग ओटा साध्या पाण्याने. हात साबणानेच. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

परत कधी यायचं

उलटी-जुलाब : शेवटच्या उलटीपासून किंवा जुलाबापासून पूर्ण 48 तास. समजा सोमवारी रात्री दहाला शेवटचा जुलाब झाला, तर बुधवारी रात्री दहाला मुदत संपते आणि गुरुवारी सकाळी सहाला यायचं. जुलाब थांबवायची गोळी घेत असाल तर 48 तास गोळी बंद केल्यापासून मोजायचे. गोळीने जुलाब थांबतो, जंतू पोटातून जात नाहीत.

ताप : औषध न घेता 24 तास अंग गरम झालं नाही की.

डोळे, कान, जखम : स्राव किंवा पू थांबला की. आधी मला दाखवा.

कावीळ : डोळे पिवळे झाल्यापासून किमान सात दिवस आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही.

टायफॉइड : हा सगळ्यात लांबतो. बरं वाटायला लागल्यावरही जंतू महिनोन्महिने शौचातून जाऊ शकतात, माणूस मात्र ठणठणीत दिसतो. म्हणून औषधाचा पूर्ण कोर्स, तो संपल्यावर 48 तास थांबून आणि आजार सुरू झाल्यापासून महिना उलटल्यावर शौचाच्या तीन तपासण्या, प्रत्येकीत किमान एक दिवसाचं अंतर. तिन्ही निर्दोष आल्या की ओट्यावर. तोपर्यंत अन्नापासून दूरचं काम, पगार तोच.

परत येताना मी तीनच प्रश्न विचारीन: त्रास कधी थांबला, गोळी चालू आहे का, घरात आणखी कुणी आजारी आहे का. उत्तर वहीत लिहून सही किंवा अंगठा.

वर्षातून एकदाची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार लागतेच. त्यांच्या तारखा वेगळ्या लावल्या आहेत. पण तपासणी वर्षात एकदा होते आणि जुलाब कधीही लागतो, म्हणून कागद आहे तरी फोन करायचाच.

माणसं कमी पडली तर

आजारी माणसाला "अर्धा दिवस तरी ये" असं कुणी म्हणायचं नाही, मुख्य आचाऱ्यांनीही नाही आणि मीही नाही. पोळीच्या दोन्ही मावश्या एकदम घरी राहिल्या तर त्या दिवशी पोळ्या होणार नाहीत. मुगाची खिचडी, कढी आणि पापड करायचा, आणि सकाळी आठच्या आत जेवणघराच्या फळ्यावर तसं लिहायचं. वसतिगृहाच्या बाईंशी माझं बोलणं झालेलं आहे, त्या मुलींना सांगतील.