मोशीतील थ्री बीएचके फ्लॅट कर्मचारी निवासासाठी देण्याबाबत प्रस्ताव

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ व प्रशासन विभाग,
चाकण एमआयडीसी, जि. पुणे

स.न.वि.वि.

आपल्या प्रशासन विभागाशी गेल्या आठवड्यात फोनवर बोलणे झाले, त्यानुसार हा लेखी प्रस्ताव पाठवत आहे. डिसेंबरमध्ये रुजू होणाऱ्या प्रशिक्षणार्थी इंजिनिअर मुलींसाठी आपण जागा शोधत आहात. माझा मोशीतला सहाव्या मजल्यावरचा थ्री बीएचके फ्लॅट त्यासाठी सामानासह तयार आहे. कंपनीच्या नावाने २४ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करायची माझी तयारी आहे.

जागेबद्दल आधी. पुणे-नाशिक रस्त्यावरचा आपल्या बसचा थांबा सोसायटीच्या फाटकापासून चालत सहा-सात मिनिटांवर आहे आणि वाटेत दिवे आहेत. मुलींना पहाटेची पाळी असेल तेव्हा ही गोष्ट भाड्याच्या आकड्याइतकीच महत्त्वाची ठरते. दुसऱ्या पाळीहून येणाऱ्यांसाठी फाटकावर रात्रभर रखवालदार असतो. नाशिक रस्त्याची कोंडी आपण रोज पाहता. मोशीत राहिल्याने भोसरीकडचा टप्पा वाचतो, पण इंद्रायणीच्या पुलापासून चाकणपर्यंतचा रस्ता सगळ्यांना सारखाच आहे. त्यामुळे जागा कारखान्याच्या शेजारी आहे असे मी म्हणणार नाही.

तीन खोल्यांपैकी दोन मागच्या बाजूला आहेत. तिथे जाड पडदे लावले आहेत, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्यांना दिवसा झोपता येईल. पाच पलंग, पाच कुलपाची कपाटे, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन गिझर, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर आणि एमएनजीएलचा पाइप गॅस आहे. महापालिकेचे पाणी दिवसाआड येते. सोसायटीची टाकी मोठी आहे आणि कमी पडल्यास टँकर येतो, त्याचा खर्च मेंटेनन्समध्येच धरलेला असतो. राहणाऱ्यांची संख्या पाचच राहील. सहावा पलंग हॉलमध्ये टाकण्याची सूचना आली होती, ती मी मान्य केलेली नाही. पाच जणींना दोन बाथरूम सकाळी जेमतेम पुरतात.

भाडे आणि करार

पहिले १२ महिने दरमहा ३६,००० रुपये, पुढचे १२ महिने पाच टक्के वाढीने ३७,८०० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस आणि मालमत्ता कर मी भरेन. डिपॉझिट तीन महिन्यांचे, म्हणजे १,०८,००० रुपये, बिनव्याजी. करार ८ डिसेंबर २०२५ ते ७ डिसेंबर २०२७. पहिले १२ महिने लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू राहील: मीही फ्लॅट विकायचा आहे म्हणून मधेच रिकामा करून मागणार नाही. त्यानंतर कोणत्याही बाजूने दोन महिन्यांची लेखी नोटीस.

करार नोंदणीकृतच करायचा आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्के वार्षिक व्याज धरून ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे २,३०० रुपये होते. नोंदणी फी १,००० रुपये आणि ऑनलाइन दस्त हाताळणीचे शुल्क वेगळे. हा खर्च निम्मा-निम्मा करू.

ताबा परत देण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते. भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होत नाही. म्हणून मुदत संपल्यावर ताबा न मिळाल्यास काय, हे करारातच हवे. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला दुप्पट दराने भरपाई, असे कलम मी मसुद्यात घातले आहे. त्याच वजनाचे दुसरे कलम माझ्यासाठी आहे: चाव्या मिळाल्यापासून १५ दिवसांत डिपॉझिट परत केले नाही, तर मी दरमहा दीड टक्का व्याज देईन.

बिल, जीएसटी आणि टीडीएस

बिल दर महिन्याच्या १ तारखेला ईमेलने येईल. त्यावर माझा पॅन, बँक खाते, करार क्रमांक, महिना आणि आपला पर्चेस ऑर्डर क्रमांक असेल. रक्कम १० तारखेपर्यंत एनईएफटीने यावी. त्यानंतर दरमहा दीड टक्का व्याज. डिसेंबरचे बिल ८ तारखेपासूनच्या २४ दिवसांचे, म्हणजे २७,८७१ रुपयांचे असेल.

मी जीएसटी नोंदणीकृत नाही, त्यामुळे माझ्या बिलात जीएसटी नसेल. १८ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत व्यवसायाने भाड्याने घेतलेल्या निवासी जागेवर १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने घेणाऱ्यानेच भरायचा असतो. त्यासाठीचे सेल्फ-इन्व्हॉइस आपल्या लेखा विभागाला करावे लागेल. म्हणजे ३६,००० वर आणखी ६,४८० रुपये, एकूण ४२,४८० रुपये; माणशी ८,४९६ रुपये. आपण पीजीच्या दरांशी तुलना कराल तेव्हा ती या आकड्याशी करावी, ७,२०० शी नाही. इनपुट क्रेडिट मिळते की नाही, ते आपल्या सल्लागारांनी ठरवावे. ते मिळणार नाही असे धरूनच मी हा आकडा मांडला आहे.

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४-आयची मर्यादा महिन्याला ५०,००० रुपये आहे. माझे भाडे त्याखाली आहे आणि आपल्याकडे माझी दुसरी कोणतीही जागा भाड्याने नाही, त्यामुळे टीडीएस कापण्याची वेळ येऊ नये.

वीज आणि गॅसचे पैसे माझ्या बिलात येणार नाहीत. महावितरण आणि एमएनजीएलचे ग्राहक क्रमांक करारासोबत देईन. बिल कंपनीने थेट भरावे किंवा मुलींनी आपसात वाटून घ्यावे. मालकाने वीजबिल स्वतःच्या बिलात जोडले की लेखा विभाग ते अडवून ठेवतो आणि त्यापायी भाडेही अडकते, हे सोसायटीतल्या इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

राहणाऱ्या बदलण्याचे नियम

आपल्याला याचीच सर्वांत जास्त गरज पडेल, म्हणून सविस्तर लिहिते. करार कंपनीशी आहे. राहणाऱ्यांची नावे फक्त परिशिष्टात आहेत. कोणी प्लांट बदलला, राजीनामा दिला, लग्न होऊन गेली, तर नवा करार किंवा नवी नोंदणी लागणार नाही. कंपनीने तीन कामकाजाचे दिवस आधी ईमेल करावा: जाणारीचे नाव, येणारीचे नाव, फोटो, ओळखपत्र, घरच्यांचा एक फोन. पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती देणे आणि सोसायटीला लेखी कळवणे मी करेन. या दोन्हींची पोच कंपनीला पाठवल्याशिवाय नव्या मुलीला चावी दिली जाणार नाही, घाई असली तरी. याबाबत सवलत मागू नये ही विनंती.

पलंग रिकामा राहिला तरी भाडे पूर्ण राहील, कारण फ्लॅट संपूर्ण दिलेला आहे. तो पलंग कंपनीबाहेरच्या कोणाला देता येणार नाही. एका वेळी फ्लॅटमध्ये सगळ्या मुलीच राहतील. पुढे मुलांसाठी वापरायचा झाल्यास आधी पूर्ण रिकामा करून मग नवी यादी. कोणाची आई किंवा बहीण आली तर तीन रात्री राहू शकते, फाटकावर नोंद करून.

वागणुकीची तक्रार आली तर मी मुलीला परस्पर काही बोलणार नाही, कंपनीला लेखी कळवेन. दुसऱ्या लेखी तक्रारीनंतर सात दिवसांत कंपनीने तिची दुसरीकडे सोय करावी. सामान बाहेर काढणे, कुलूप बदलणे असले प्रकार माझ्याकडून होणार नाहीत. घरापासून लांब आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींना रात्री दाराबाहेर उभे राहण्याची भीती असू नये, हे मला मनापासून वाटते, म्हणून ते करारात लिहिले आहे.

वस्तू बदलण्याचे नियम

बल्ब, नळाचा वॉशर, फ्लशची किरकोळ दुरुस्ती: एका वेळी ७०० रुपयांपर्यंत राहणाऱ्यांकडे. त्यावरचे आणि वापराने झिजलेले सगळे माझ्याकडे. गिझर बंद पडल्यास ४८ तासांत, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन पाच दिवसांत दुरुस्त होईल. दुरुस्त होण्यासारखे नसेल तर तेवढ्याच क्षमतेचे नवे, वापरलेले नाही. प्युरिफायर बंद असेल तितके दिवस पिण्याच्या पाण्याचे जार माझ्या खर्चाने. मुदत चुकली तर प्रत्येक वस्तूमागे दिवसाला ३०० रुपये पुढच्या बिलातून मी स्वतः वजा करेन, आपल्याला मागावे लागणार नाहीत.

राहणाऱ्यांच्या हातून वस्तू मोडल्यास दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. ती निकामी झाल्यास खरेदी किमतीतून दर वर्षाला १५ टक्के वजा करून उरलेली रक्कम. उदाहरणार्थ, फ्रिज २०२२ मध्ये २४,००० रुपयांना घेतला. तीन वर्षे झाल्याने आज तो निकामी झाला तर कंपनीकडे १३,२०० रुपये निघतील, नव्याची पूर्ण किंमत नाही. सर्व बिले परिशिष्टात आहेत. चावी देताना आणि घेताना दोन्ही बाजूंचा माणूस हजर राहून फोटोसह यादी करेल. रंगकामाचे पैसे कापायचे नाहीत. दोन वर्षांनी भिंतींना रंग लागतोच आणि तो खर्च माझा.

गळती, आग किंवा अशा कारणाने फ्लॅट राहण्यायोग्य उरला नाही तर भाडे त्याच दिवशी थांबेल. माझ्याकडे दुसरा फ्लॅट नाही, त्यामुळे पर्यायी जागेचे आश्वासन देत नाही. पण तीन रात्रींच्या लॉजचा प्रत्यक्ष खर्च १०,००० रुपयांपर्यंत देईन, आणि दहा दिवसांत फ्लॅट पूर्ववत झाला नाही तर कंपनी लॉक-इन न पाळता बाहेर पडू शकेल.

करारावर ज्या दोन मुद्द्यांवर आपल्या विधी विभागाकडून बदल येतील असे वाटते, ते लॉक-इन आणि उशिराचे व्याज. नोटीस एक महिन्यावर आणायला मी तयार आहे, पण बाराऐवजी अठरा महिन्यांच्या लॉक-इनसह. राहणाऱ्यांची संख्या आणि पोलिसांकडची नोंद या दोन गोष्टी मात्र बदलणार नाहीत.

शनिवार, २२ नोव्हेंबरला सकाळी १० ते १ मी फ्लॅटवर आहे. येणाऱ्यांपैकी एखादी मुलगी चाकणमध्ये आधीच रुजू झाली असेल तर तिला सोबत आणावे. स्वयंपाकघर आणि बाथरूम ती आपल्यापेक्षा बारकाईने पाहील. हे दर २८ नोव्हेंबरपर्यंत कायम आहेत. होकार आल्यास १ डिसेंबरपर्यंत करार नोंदवून ८ तारखेच्या सकाळी चाव्या देता येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
सुरेखा मधुकर शेळके
फ्लॅटमालक

सोबत: कराराचा मसुदा, इंडेक्स-२, मालमत्ता कराची पावती, महावितरणचे ताजे बिल, पॅनची प्रत, रद्द केलेला धनादेश, सामानाची यादी व खरेदीची बिले, खोल्यांचे फोटो