माफीचा साक्षीदार आणि पुष्टीचा नियम : सराव प्रश्न व पूर्ण उत्तर

(न्यायदंडाधिकारी परीक्षेची तयारी करणाऱ्या सांगलीच्या संध्याकाळच्या वर्गासाठी. मागच्या आठवड्यात सोडवायला दिलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. बहुतेकांचं चुकलं ते एकाच जागी, म्हणून त्या जागेवर जास्त लिहिलं आहे.)

प्रश्न

१४ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री तासगाव तालुक्यातल्या एका कोल्ड स्टोरेजमधून बेदाण्याच्या १८० पेट्या चोरीला गेल्या. डोक्यात मार बसून रखवालदाराचा मृत्यू झाला. टेम्पोचालकाला तपासाच्या काळातच मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी माफी दिली. सत्र न्यायालयात त्याची साक्ष अशी :

"आरोपी १ आधी त्याच कोल्ड स्टोरेजला हमालीला होता. मिरज स्टेशनजवळच्या हॉटेलात आरोपी १, आरोपी २ आणि मी बसून ठरवलं. आरोपी ४ व्यापारी आहे. त्यानं दहा हजार उचल दिली आणि माल मीच घेईन म्हणाला. रात्री एकच्या सुमाराला मी टेम्पो भिंतीलगत लावला. आरोपी १ नं टेम्पोतली पहार घेतली आणि तो व आरोपी २ आत गेले. मला ओरडण्याचा आवाज आला. मारताना मी पाहिलं नाही. आरोपी १ परत आला तेव्हा पहार त्याच्या हातात होती. आम्ही तिघांनी पेट्या भरल्या. मग कवठेमहांकाळजवळ आरोपी ३ च्या शेडवर गेलो, त्याला झोपेतून उठवलं. माल चोरीचा आहे हे सांगून त्याच्याकडे उतरवला."

इतर पुरावा असा : (१) शवविच्छेदनात कठीण व बोथट वस्तूने डोक्याला जखम. (२) आरोपी १ च्या निवेदनावरून कालव्याच्या कडेला पुरलेली पहार पंचांसमक्ष निघाली, तिच्यावरचं रक्त मृताचं असल्याचं डीएनए तपासणीत आढळलं. (३) पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत रात्री १.४० ला ताडपत्री बांधलेला टेम्पो आणि चालकाशेजारी आरोपी २ दिसतो. प्रमाणपत्र दाखल आहे. (४) चौथ्या दिवशी आरोपी ३ च्या शेडमधून लॉट नंबर जुळणाऱ्या ६० पेट्या जप्त. कुलपाची किल्ली त्याच्या करदोट्याला. (५) आरोपी १ आणि ४ यांच्यात त्या आठवड्यात तीन फोन. आरोपी १ आरोपी ४ च्या पॅकिंगवरही काम करत असे. (६) आरोपी २ चा दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब, त्यात आरोपी ४ चं नाव आहे.

चालकाच्या दंडाधिकाऱ्यांसमोरच्या पहिल्या जबाबात दहा हजारांच्या उचलीचा आणि आरोपी ४ चा उल्लेख नाही.

कोणाला कशाबद्दल दोषी धरता येईल?

उत्तर

आधी कायदा कुठला ते ठरवा. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू. त्या तारखेला प्रलंबित असलेल्या तपासांना आणि खटल्यांना मात्र १८७२ चाच पुरावा कायदा लागतो (कलम १७०). त्यामुळे जुनी कलमं विसरून चालणार नाही. सांगलीच्या कोर्टात आजही दोन्ही पुस्तकं टेबलावर लागतात.

माफी कलम ३४३ ची (जुनं ३०६). गुन्ह्याबाबत स्वतःला माहीत असलेलं सगळं, पूर्ण आणि खरं सांगायचं, ही तिची अट. माफी स्वीकारल्यावर त्याला आधी दंडाधिकाऱ्यांसमोर तपासावंच लागतं. ही पायरी वैकल्पिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुरेशचंद्र बहरी खटल्यात (१९९४) स्पष्ट केलं. आपल्या प्रश्नात तो पहिला जबाब झाला आहे, आणि पुढे तोच उपयोगी पडतो.

गुन्ह्यातला साथीदार आरोपीविरुद्ध सक्षम साक्षीदार असतो, याबद्दल वाद नाही. जुनं कलम १३३ म्हणायचं की त्याच्या पुष्टी नसलेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा केवळ तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरत नाही. त्याच कायद्यात कलम ११४ चं उदाहरण (बी) सांगायचं की महत्त्वाच्या तपशिलात पुष्टी नसेल तर साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ही दोन टोकं एकत्र वाचून न्यायालयांनी व्यवहाराचा नियम बसवला : कायद्याने मुभा आहे, पण पुष्टीशिवाय शिक्षा देणं धोक्याचं. मानवत खून खटल्यात, म्हणजे दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७) या निकालात, या दोन तरतुदींत विरोध नाही हे सविस्तर मांडलं आहे.

नव्या कलम १३८ मध्ये हे शब्दच बदलले. आता पुष्टी *असलेल्या* साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदेशीर नाही, असं कलम म्हणतं. उदाहरण (बी) कलम ११९ खाली तसंच आहे. पुष्टीशिवायची शिक्षा बेकायदेशीरच, असं कलमात शब्दशः लिहिलेलं नाही, हा युक्तिवाद होऊ शकतो आणि उत्तरात तो नोंदवा. माझं मत असं की जुन्या कलमाने न्यायाधीशाला जो आधार दिला होता तो काढून घेतला गेला आहे. इतकी वर्षं सावधगिरीचा म्हणून पाळला गेलेला नियम आता कलमाच्या मजकुरातच आला आहे.

*पहिली कसोटी : साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का?*

सरवणसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५७) या निकालातली दुहेरी कसोटी इथे लावायची. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. त्यांचा जन्म साताऱ्याचा, हे आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना माहीत असावं. कोणत्याही साक्षीदाराला लावतो ती विश्वासार्हतेची कसोटी आधी. ती उतरली तरच पुष्टीचा विचार. मुळात खोट्या वाटणाऱ्या साक्षीला कितीही टेकू लावले तरी ती उभी राहत नाही.

हा चालक स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवत नाही. हॉटेलात बसलो, टेम्पो लावला, पेट्या भरल्या, सगळं कबूल करतो. "मारताना पाहिलं नाही" हे तर त्याने सहज फिरवलं असतं, पण फिरवलं नाही. एवढ्यापुरता तो पहिली कसोटी पार करतो. आरोपी ४ च्या बाबतीत करत नाही. सगळं सांगण्याच्या अटीवर माफी घेतलेला माणूस कटाचा सूत्रधार आणि दहा हजार रुपये पहिल्या जबाबात विसरतो, हे पटण्यासारखं नाही. ही नंतर घातलेली भर आहे. उलटतपासात ही गाळलेली बाब सिद्ध करून घेणं हे बचाव पक्षाच्या वकिलाचं पहिलं काम.

*दुसरी कसोटी : पुष्टी, आणि ती कोणाविरुद्ध?*

चूक झाली ती इथे. बावीसपैकी सतरा जणांनी लिहिलं : "शवविच्छेदन, जप्ती व सीसीटीव्हीने साक्षीला पुष्टी मिळते, सबब सर्व आरोपी दोषी."

विचार करा. चालक त्या रात्री तिथे होता. पहार कोणती, पेट्या किती, टेम्पो कुठे लावला, हे त्याला माहीत असणारच. या सगळ्यात तो शंभर टक्के खरं बोलेल आणि एकच नाव बदलेल. भावाचं नाव काढून वैऱ्याचं घालेल. बाकीची हकिकत जितकी खरी, तितकं ते बदललेलं नावही खरं वाटतं. म्हणूनच १९१६ च्या बास्करव्हिल निकालापासून नियम असा आहे की पुष्टी देणारा पुरावा स्वतंत्र हवा आणि त्याने *त्या आरोपीला* गुन्ह्याशी जोडलं पाहिजे. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य (१९५२) मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तो आपल्याकडे पक्का केला : प्रत्येक तपशिलाला पुष्टी नको, ती परिस्थितीजन्य असली तरी चालेल, पण ती स्वतंत्र ठिकाणाहून यावी आणि आरोपीपर्यंत पोचावी. भिवा दौलू पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) मध्ये हीच पुष्टी प्रत्येक आरोपीपुरती वेगळी मागितली आहे.

मी उमेदवारी करत होते तेव्हा आमचे सिनियर अशा खटल्यात फुलस्केप कागद उभा दुमडायचे. जितके आरोपी तितक्या घड्या. माफीच्या साक्षीदाराचं नाव कागदावर कुठेच नसायचं. प्रत्येक घडीत फक्त बाकीचा पुरावा लिहायचा आणि ज्या आरोपीची घडी कोरी, त्याच्यासाठी युक्तिवाद तयार. तोच कागद इथे वापरू.

*आरोपी १ :* निवेदनावरून पहार निघाली, तिच्यावर मृताचं रक्त. पहार कुठे पुरली हे चालकाने सांगितलेलंच नाही, म्हणजे हा पुरावा त्याच्या तोंडून आलेला नाही. शवविच्छेदनातली जखम पहारीशी जुळते. खून आणि जबरी चोरी, दोन्हींसाठी दोषी.

*आरोपी २ :* १.४० ला भरलेल्या टेम्पोत चालकाशेजारी बसलेला दिसतो. "वाटेत लिफ्ट घेतली" म्हणेल, पण त्याचा स्वतःचा कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा आहेच. तो स्वेच्छेने दिलेला आहे याची न्यायालयाने खात्री करावी. जबरी चोरी सिद्ध. खुनाबाबत मी थांबेन. पहार त्याच्यादेखत घेतली, हे फक्त चालक सांगतो. समान उद्देश तेवढ्यावर ठरवायचा का? कबुलीजबाबात पहारीचा उल्लेख असेल तर ठरेल. प्रश्नात तो दिलेला नाही, म्हणून मी संशयाचा फायदा देईन. ज्यांनी उलट मत कारणांसह लिहिलं त्यांनाही मी पूर्ण गुण दिले आहेत.

*आरोपी ३ :* ६० पेट्या, जुळणारे लॉट नंबर, करदोट्याची किल्ली. सौद्यात घेतलेला माल असता तर अडत्याची पट्टी असती. त्याने ती दाखवली नाही. पुष्टी भक्कम आहे. पण कशाची? चालकाच्या साक्षीतच तो रात्री शेडवर झोपलेला होता. साक्ष जिथवर जाते त्याच्या पलीकडे पुष्टी नेता येत नाही. म्हणून चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याबद्दल, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली दोषी. खून आणि जबरी चोरीतून मुक्त.

*आरोपी ४ :* घडीत तीन फोन. आरोपी १ त्याच्याकडे कामाला जायचा, मग फोन होणारच. उरतो आरोपी २ चा कबुलीजबाब. सहआरोपीविरुद्ध तो कलम २४ (जुनं ३०) खाली फक्त विचारात घेता येतो, आणि तोही बाकी पुरावा शिक्षेला पुरेसा दिसत असेल तेव्हा खात्रीला जोड म्हणून (कश्मीरा सिंग, १९५२). एका साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या साथीदाराची पुष्टी चालत नाही. भुबोनी साहू (१९४९) मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं आणि तो निकाल लिहिणारे सर जॉन ब्यूमाँट आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निर्दोष.

आरोपी ४ ला सोडताना काहींचा हात थरथरला, असं उत्तरपत्रिकांवरून दिसलं. "सूत्रधार सुटतो" असं दोघींनी समासात लिहिलं आहे. पण तो सूत्रधार आहे हेच तर सिद्ध व्हायचं होतं. गांधी हत्या खटल्यात दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याच्या साक्षीचा इतर आरोपींविरुद्ध उपयोग केला, पण सावरकरांविरुद्ध तिला पुष्टी नाही म्हणून १९४९ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. देश हादरलेला असतानाही हिशेब आरोपीगणिक वेगळाच केला गेला.

वर्गात विचारलेले दोन प्रश्न

*साक्षीदार फिरला तर?* त्याने अट मोडली किंवा खोटी साक्ष दिली असं प्रमाणपत्र सरकारी वकिलाने द्यावं लागतं. मग कलम ३४५ खाली मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालतो, बाकीच्या आरोपींपासून वेगळा. अट पाळली होती, असा बचाव त्याला घेता येतो. खोट्या साक्षीच्या गुन्ह्यासाठी उच्च न्यायालयाची मंजुरी लागते.

*माफी मिळाली म्हणजे लगेच सुटका?* नाही. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीतच. तो उलटतपासाला उभा राहील तेव्हा हे लक्षात ठेवा : त्याची सुटका त्याच्या साक्षीवर टांगलेली आहे आणि हे त्याला रोज रात्री कोठडीत आठवत असतं.

पुढच्या मंगळवारी याच प्रश्नात एक बदल करून लिहून आणा : आरोपी ४ च्या गोदामात त्याच लॉट नंबरच्या दोन पेट्या सापडल्या, पण गोदाम तिघा भागीदारांचं आहे. चौथ्या घडीत काय लिहाल?