f(x) = 11 − 4x ची x = 2 पाशी सीमा 3: व्याख्येवरून सिद्धता

परवाच्या चाचणीत हाच प्रश्न होता. बहुतेकांनी x च्या जागी 2 ठेवून 11 − 8 = 3 काढलं, खाली 'सिद्ध झाले' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. 3 हे उत्तर बरोबर आहे, पण त्यातून फक्त f(2) कळतं. सीमा ठरते ती 2 च्या आजूबाजूला फल कसं वागतं त्यावरून. खुद्द 2 वर काय होतं ते सीमेच्या व्याख्येत बघायचंच नसतं. 2 वर फल दिलेलंच नसतं, तरी सीमा 3 च राहिली असती. म्हणून ही सिद्धता पुन्हा एकदा, सावकाश मांडतो आहे.

आधी व्याख्या. x हा a कडे जाताना f(x) ची सीमा L आहे याचा अर्थ असा: कोणतीही धन संख्या ε दिली, तरी तिच्यासाठी एक धन संख्या δ अशी सापडते की

0 < |x − a| < δ असेल तर |f(x) − L| < ε.

|x − a| म्हणजे x आणि a मधलं अंतर, आणि |f(x) − L| म्हणजे फलाची किंमत L पासून किती दूर आहे ते. सुरुवातीचं 0 < |x − a| सांगतं की x = a सोडून द्या. ते अनेकजण लिहायचं विसरतात.

आता आपलं फल डोळ्यांसमोर आणू. तोटी असलेल्या पिंपात ११ लिटर पाणी आहे आणि तोटीतून मिनिटाला ४ लिटर अशी एकसारखी धार लागली आहे असं धरा. x मिनिटांनी पिंपात 11 − 4x लिटर उरतं. दोन मिनिटांनी ३ लिटर. समोरचा म्हणतो, "पिंपात ३ लिटरच उरायला हवं, फरक ०.२ लिटरपेक्षा कमी चालेल." म्हणजे साधारण पेलाभर. मग तोटी बंद करायला तुम्हाला किती उशीर किंवा किती घाई चालेल? मिनिटाला ४ लिटर जातं, तर ०.२ लिटर जायला ०.०५ मिनिट लागतं, म्हणजे ३ सेकंद. दोन मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे ३ सेकंदांच्या आत तोटी बंद केली की काम झालं. समोरच्याने ०.०२ लिटर म्हटलं तर तुम्हाला ०.३ सेकंद मिळतात. तो मागतो तो ε, तुम्ही शोधता तो δ. तो कितीही अडून बसला तरी तुमच्याकडे उत्तर तयार असलं पाहिजे, आणि ते सगळ्या ε साठी एकदम देता येणं म्हणजेच सिद्धता.

δ शोधायचा तो कच्च्या कामात. वहीच्या उजव्या बाजूला समास आखून तिथे करा:

|f(x) − 3| = |11 − 4x − 3| = |8 − 4x| = |−4(x − 2)| = 4|x − 2|

हे ε पेक्षा लहान हवं आहे. 4|x − 2| < ε हवं असेल तर |x − 2| < ε/4 पुरे. म्हणून δ = ε/4.

इथे एक चूक मला दरवर्षी दिसते. x चा सहगुणक −4 आहे म्हणून काहीजण δ = ε/(−4) लिहितात. δ हे अंतर आहे, ते ऋण असूच शकत नाही. केवलमूल्यातून −4 बाहेर येतो तो 4 होऊन.

आता पक्कं काम. उत्तरपत्रिकेत एवढंच लिहायचं, पण याच क्रमाने:

साध्य: x → 2 असताना lim (11 − 4x) = 3.

सिद्धता: समजा ε > 0 ही कोणतीही दिलेली संख्या आहे. δ = ε/4 घेऊ. ε > 0 असल्याने δ > 0.
समजा 0 < |x − 2| < δ. तर
|(11 − 4x) − 3| = |8 − 4x| = 4|x − 2| < 4δ = 4 · (ε/4) = ε.
म्हणजे 0 < |x − 2| < δ असेल तेव्हा |(11 − 4x) − 3| < ε. ε कोणताही असल्याने व्याख्येनुसार सीमा 3 आहे. हेच सिद्ध करायचे होते.

कच्च्या कामात आपण ε कडून निघून δ कडे आलो. पक्क्या कामात |x − 2| < δ हे गृहीत धरून ε पर्यंत पोचलो. दिशा उलटी आहे आणि ती उलटीच हवी. '|f(x) − 3| < ε समजा' अशी सुरुवात केली तर जे दाखवायचं तेच मानून बसल्यासारखं होतं.

दोन गोष्टी आणखी जपा. ε तुम्ही निवडायचा नाही. ε = 0.2 घेऊन δ = 0.05 काढलात तर एका मागणीचं उत्तर झालं, सगळ्यांचं नाही. आणि δ मध्ये x येता कामा नये, कारण δ आधी ठरतो आणि x त्यानंतर येतो. δ मात्र एकच बरोबर असतो असं मुळीच नाही. ε/4 चालतो तर ε/5 किंवा ε/100 ही चालतो. तोटीची वेळ आणखी काटेकोर पाळली, एवढंच. ε/3 मात्र चालणार नाही. करून बघा: ε = 0.3 घेतला तर ε/3 = 0.1 येतो. x = 2.09 हा 2 पासून 0.1 च्या आत आहे, पण 4 × 0.09 = 0.36, आणि ते 0.3 च्या पुढे गेलं.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, या पद्धतीने कुठलीही संख्या सीमा म्हणून सिद्ध करता येणार नाही ना?" प्रश्न फार चांगला आहे. 3 ऐवजी 3.1 घेऊन बघू. |11 − 4x − 3.1| = |−0.1 − 4(x − 2)| येतं, म्हणजेच चिन्ह बदलून |4(x − 2) + 0.1|. x हा 2 पासून 0.01 च्या आत असेल तर 4|x − 2| हा 0.04 पेक्षा लहानच राहतो, म्हणून ही किंमत 0.1 − 0.04 = 0.06 पेक्षा मोठी असते. आता ε = 0.05 मागा. δ कितीही लहान घ्या, त्याच्या आत 2 च्या 0.01 पेक्षाही जवळचे x असणारच, आणि तिथे फरक 0.06 च्या वर आहे. δ सापडतच नाही. 3.1 नापास.

आता सर्वसाधारण f(x) = mx + c घेऊ. a पाशी सीमा ma + c. |mx + c − (ma + c)| = |m||x − a|. m ≠ 0 असेल तर δ = ε/|m|. m = 0 असेल तर फल स्थिर आहे, फरक कायम 0, म्हणून कोणताही धन δ चालतो; δ = 1 घ्या. दोन्ही एकाच ओळीत हवे असतील तर δ = ε/(|m| + 1) घ्या, भागाकारात शून्याची भीतीच उरत नाही. रेषेचा चढ जितका तीव्र, तितका δ लहान, हे पिंपावरून लगेच पटतं: धार जोरात असेल तर तोटी बंद करायला वेळ कमी मिळतो.

या δ मध्ये a कुठेच नाही, हे बघून ठेवा. रेषेवर कुठेही उभे राहा, तोच δ पुरतो. x² घेतल्यावर तसं राहत नाही: |x² − 4| = |x + 2||x − 2| मध्ये 4 च्या जागी |x + 2| येतो आणि तो x बरोबर बदलत राहतो. आधी |x − 2| < 1 मानून तो 5 च्या आत कसा ठेवायचा, ते शुक्रवारच्या तासाला करू. तोवर x → −1 असताना lim (2x + 9) = 7 याची सिद्धता वहीत पक्की लिहून आणा.