घटनादुरुस्ती आणि मूलभूत संरचना: आठ व्याख्यानांवरून 48 तासांच्या टेक-होम परीक्षेसाठी वाचन आराखडा

एलएल.बी. तृतीय वर्ष, घटनात्मक कायदा. प्रश्नपत्रिका शुक्रवारी संध्याकाळी 6 ला मिळेल, उत्तरं रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत. तीनपैकी दोन प्रश्न, प्रत्येकी 1,500 शब्दांपर्यंत. टिपणं, निकाल, पुस्तकं सगळं उघडून लिहायला परवानगी आहे.

पानांचे आकडे वर्गात वाटलेल्या 208 पानी संचाचे आहेत. पान 1 ते 124 व्याख्यानांची टिपणं, 125 ते 208 निकालांतले उतारे.

आपण वर्गात 1951 पासून 2015 पर्यंत सालवार आलो. परीक्षेतला प्रश्न असा सालवार येत नाही. एकाच मुद्द्यावर पाच निकाल काय म्हणतात आणि न्यायाधीश कुठे एकमेकांपासून वेगळे होतात, हे तो विचारतो. म्हणून आठ व्याख्यानं इथे तीन धाग्यांत नव्याने लावली आहेत. खुणा व्याख्यांवर करू नका. व्याख्या कुठेही सापडते. युक्तिवाद जिथे वळतो त्या पानावर खूण हवी.

पहिली फेरी: सोमवार, 90 मिनिटं

एका व्याख्यानाला 10 मिनिटं, घड्याळ लावून. या फेरीत अधोरेखन नाही, टिपणंही नाहीत. प्रत्येक व्याख्यान संपलं की समासात एकच ओळ: कोणता प्रश्न आला आणि न्यायालयाने तो कुठे सोडला. उरलेल्या 10 मिनिटांत या आठ ओळी एका कागदावर उतरवा. हा कागद म्हणजे तुमची अनुक्रमणिका. व्याख्यान 1 (पान 1–14) पटकन होईल, तिथे वाचवलेला वेळ 4 आणि 5 ला (पान 47–80) द्या.

दुसरी फेरी: मंगळवार ते गुरुवार, रोज 2 तास, रोज एक धागा

*मंगळवार, पिवळ्या चिकटपट्ट्या: संसदेचा अधिकार कुठवर?*

पान 18: शंकरी प्रसाद, 1951. अनुच्छेद 13(2) मधल्या 'कायद्या'त घटनादुरुस्ती येत नाही, असं पाच न्यायाधीशांनी एकमताने धरलं. पान 26: सज्जन सिंग, 1965, 3 विरुद्ध 2. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा. पण पट्टी तिथे लावून थांबू नका, पान 131 ला न्या. मुधोळकरांच्या शंकेवर दुसरी लावा. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणं याला दुरुस्तीच म्हणायचं का, हा प्रश्न केशवानंदच्या आठ वर्षं आधी त्यांनी विचारला आणि त्यासाठी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेतला. बहुतेक उत्तरं गोलकनाथपासून सुरू होतात. हे पान वापरणारं उत्तर लगेच वेगळं उठून दिसतं.

पान 38: गोलकनाथ, 1967, 6 विरुद्ध 5. मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, पण 17वी दुरुस्ती मात्र टिकली, कारण निकाल पुढच्या काळापुरता लागू केला. हा विरोधाभास दोन ओळींत लिहून ठेवा. पान 44: 1971 ची 24वी दुरुस्ती, अनुच्छेद 13(4) आणि 368(3).

*बुधवार, लाल पट्ट्या: मूलभूत संरचनेत काय येतं?*

हे दोन तास सगळ्यांत महत्त्वाचे, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. केशवानंद भारती, 24 एप्रिल 1973: 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, 11 स्वतंत्र निकालपत्रं. निष्कर्षांच्या सारांशावर (पान 78) 13 पैकी 9 जणांच्याच सह्या आहेत. 'केशवानंदने असं ठरवलं' हे वाक्य लिहिण्याआधी कोणत्या न्यायाधीशाने, हे स्वतःला विचारा.

पान 152, सरन्यायाधीश सिक्री: घटनेची सर्वोच्चता, प्रजासत्ताक व लोकशाही स्वरूप, धर्मनिरपेक्षता, सत्ताविभाजन, संघराज्य. 20 मिनिटं. पान 161, न्या. खन्ना: 40 मिनिटं, दोनदा वाचा. तराजू त्यांच्या मताने झुकला. मूलभूत हक्क दुरुस्तीच्या कक्षेबाहेर आहेत हे ते मान्य करत नाहीत, पण दुरुस्तीनंतरही जुन्या घटनेची ओळख उरली पाहिजे असं म्हणतात. लगेच पान 176 उघडा. 1975 च्या राज नारायण खटल्यात त्यांनी स्वतःच खुलासा केला की मूलभूत हक्क संरचनेत येतच नाहीत असं आपण म्हटलेलं नव्हतं. 161 आणि 176 ला एकाच रंगाची पट्टी, एकाच उंचीवर. उरलेल्या तासात पान 170, न्या. रे यांचं अल्पमत, आणि त्याला तुमचं लेखी उत्तर, अर्धं पान.

*गुरुवार, निळ्या पट्ट्या: शेवटचा शब्द कोणाचा?*

पान 88: 42वी दुरुस्ती, 1976, अनुच्छेद 368(4) आणि (5). पान 184: मिनर्व्हा मिल्स, 1980. केशवानंदमध्ये अल्पमतात असलेले न्या. चंद्रचूड इथे सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल देतात. मर्यादित दुरुस्ती-अधिकार हेच संरचनेचं अंग. पान 189: न्या. भगवती. त्यांचं मत निव्वळ विरोधी नाही. 368(4) व (5) अवैध हे त्यांना मान्य, मतभेद अनुच्छेद 31ग (इंग्रजी प्रतीत 31C) च्या विस्ताराबाबत. यात गफलत झाली तर उत्तराचा पायाच हलतो.

वामन राव (1981, पान 107) 10 मिनिटांत, फक्त 24 एप्रिल 1973 ही सीमारेषा. पान 196: कोएलो, 2007, नऊ न्यायाधीश एकमत, नवव्या अनुसूचीतले कायदेही तपासले जाणार. पान 203: 2015 चा न्यायिक नियुक्ती आयोगाचा निकाल, 4 विरुद्ध 1. न्या. चेलमेश्वर यांचं भिन्नमत पूर्ण वाचा.

तिसरी फेरी: शुक्रवार सकाळ, 60 मिनिटं

वाचन नाही, शोधणं. जोडीदाराने मुद्दा सांगायचा, तुम्ही 30 सेकंदांत पान उघडायचं. न सापडलेल्या पानाची पट्टी वर सरकवा. एका रंगाच्या आठपेक्षा जास्त पट्ट्या झाल्या असतील तर काढून टाका, फार खुणा म्हणजे एकही खूण नाही.

प्रत्यक्ष 48 तास

शुक्रवार 6 ते 7.30: तिन्ही प्रश्न वाचा, प्रत्येकापुढे पानांचे आकडे लिहा, दोन निवडा. या दीड तासात उत्तर लिहायचं नाही. रात्री झोप.

शनिवार 9 ते 1: पहिलं उत्तर. त्यात वाचनाला जास्तीत जास्त 70 मिनिटं, तीही खूण केलेल्या पानांचीच. नवा निकाल शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. 3 ते 7: दुसरं उत्तर, तसंच.

रविवार 9 ते 11: प्रत्येक अवतरण मूळ पानाशी ताडून पाहा, न्यायाधीशाचं नाव, बहुमत की अल्पमत, साल. 11 ते 1: शब्दमर्यादा आणि भाषा. फाइल दुपारी 3 ला पाठवा, पोच आलेली पाहून संच मिटा.